पीडीएफमधली थकबाकीची यादी एक्सेलमध्ये सरळ कशी करायची: सोसायटीच्या नव्या खजिनदारांसाठी

सोसायटीत नवी कमिटी आली की खजिनदाराच्या हाती पहिल्यांदा पडते ती सभासदांच्या थकबाकीची यादी, आणि ती बहुतेक वेळा पीडीएफ असते. ती कॉपी करून एक्सेलमध्ये पेस्ट केली की रकमा शेजारच्या कॉलममध्ये सरकलेल्या दिसतात, विंगचं नाव भलत्याच ओळीत बसलेलं असतं आणि खाली बेरीज मारली तर शून्य येतं. मी ठाण्यात आमच्या सोसायटीचं खजिनदारपद घेतल्यापासून हे काम अनेकदा केलंय, नेरूळ-ऐरोलीकडच्या ओळखीच्या सोसायट्यांनाही करून दिलंय. त्यातून बसलेली पद्धत इथे क्रमाने देतो. क्रम महत्त्वाचा आहे, कारण आधीची पायरी सोडली तर पुढची पायरी चुकीचं उत्तर बरोबर म्हणून दाखवते.

उदाहरण म्हणून एकच यादी शेवटपर्यंत घेऊ. तीन विंग, प्रत्येकी २४ फ्लॅट, म्हणजे एकूण ७२. ए आणि बी विंगमध्ये टू बीएचके, महिन्याचं बिल ३,८५० रुपये. सी विंगमध्ये वन बीएचके, बिल २,९०० रुपये. थकबाकीवर वर्षाला २१ टक्के सरळव्याज, म्हणजे महिन्याला १.७५ टक्के. यादीतले कॉलम असे: विंग, फ्लॅट, नाव, मागील बाकी, चालू बिल, व्याज, जमा, अखेर बाकी. जिथे रक्कम नाही तिथे शून्य छापलेलं नाही, जागा कोरी सोडलेली आहे. ही कोरी जागाच पुढे सगळा घोळ घालते.

लागणाऱ्या वस्तू

- मूळ पीडीएफ, आणि शक्य असेल तर त्याची छापील प्रत. स्क्रीनवर दोन खिडक्या मागे-पुढे करत बसण्यापेक्षा कागदावर पट्टी ठेवून वाचलेलं बरं.
- एक्सेल. लिबरऑफिस कॅल्कमध्येही यातलं बरंचसं होतं, पण तिथले मेन्यू वेगळे आहेत आणि पायरी ३ मधला From PDF चा रस्ता तिथे नाही.
- सभासदांची यादी, म्हणजे जे नमुना. फ्लॅट क्रमांक आणि नावं जुळवायला ती लागते.
- त्या महिन्याचं बँक स्टेटमेंट. शेवटच्या तपासणीला उपयोगी पडतं.

पायरी १: आधी एक्सेल फाइल मागून बघा

हास्यास्पद वाटेल, पण अर्ध्या वेळा एवढ्यावर काम भागतं. हिशेब टॅलीत असेल तर जो रिपोर्ट पीडीएफ करून पाठवला, तोच एक्सेलमध्येही काढता येतो. टॅलीप्राइममध्ये त्यासाठी Alt+E हे एक्स्पोर्टचं बटण आहे. अकाउंटंटला फोन करून ‘पीडीएफ नको, एक्सेल एक्स्पोर्ट पाठवा’ असं नेमक्या शब्दांत सांगा. नुसतं ‘सॉफ्ट कॉपी पाठवा’ म्हणालात तर पुन्हा पीडीएफच येईल.

फाइल मिळणार नसेल तर पीडीएफ उघडून एखाद्या नावावर माउस ओढून बघा. अक्षरं निवडली गेली तर आत खरा मजकूर आहे. पूर्ण पान एखाद्या फोटोसारखं निवडलं जात असेल तर ते स्कॅन आहे आणि या लेखातली पद्धत त्याला लागू पडत नाही. स्कॅनमधून अक्षर ओळखणारी सॉफ्टवेअर ३ चा ८ करतात, आणि थकबाकीच्या यादीत तसं झालेलं परवडत नाही. ७२ ओळी असतील तर सरळ हाताने टाइप करा.

एक सावधानता इथेच सांगतो. ‘पीडीएफ टू एक्सेल फ्री’ म्हणून मिळणाऱ्या अनोळखी वेबसाइटवर ही यादी चढवू नका. कोणाचे किती पैसे थकलेत याची नावानिशी यादी आहे ती.

पायरी २: पेस्ट करण्यापूर्वी कागदावर सहा आकडे लिहा

पीडीएफच्या शेवटच्या पानावरच्या एकूण बेरजा आणि फ्लॅटची संख्या आधीच लिहून ठेवा. आपल्या उदाहरणात त्या अशा आहेत:

- फ्लॅट: ७२
- मागील बाकी: १,४६,३००.००
- चालू बिल: २,५४,४००.००
- व्याज: २,५९०.००
- जमा: २,३१,७५०.००
- अखेर बाकी: १,७१,५४०.००

लगेच दोन गोष्टी ताडून घ्या. ४८ फ्लॅट गुणिले ३,८५० आणि २४ फ्लॅट गुणिले २,९०० मिळून २,५४,४०० होतात का? होतात. मागील बाकीत बिल आणि व्याज मिळवून जमा वजा केली तर अखेर बाकी येते का? येते. म्हणजे मूळ यादी आतून सुसंगत आहे. ती जर इथेच जुळली नाही तर दोष पेस्टमध्ये नाही, हिशेबात आहे, आणि मग तो अकाउंटंटकडे परत पाठवायचा.

पायरी ३: मजकूर आत आणा, पण मजकूर म्हणूनच

पीडीएफमध्ये टेबल असं काही नसतंच. ‘हे अक्षर पानावर इथे छाप’ एवढ्याच सूचना आत असतात, आणि रेघा वेगळ्या काढलेल्या असतात. कॉपी करताना प्रोग्रॅम शेजारशेजारची अक्षरं गोळा करून अंदाजाने ओळ बनवतो. कोऱ्या चौकटीत अक्षरच नाही, त्यामुळे तिथे काही होतं हे त्याला कळायचं कारण नाही. पुढची रक्कम निमूटपणे डावीकडे सरकते.

म्हणून साध्या कॉपी-पेस्टपेक्षा पानावरची जागा लक्षात घेणारा मार्ग बरा. विंडोजवर मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर एक्सेलमध्येच Data > Get Data > From File > From PDF असा रस्ता आहे. फाइल निवडली की Table001, Page001 अशी नावं दिसतात. त्यावर टिचकी मारून डावी-उजवी तुलना करा, जे पीडीएफच्या जास्त जवळ दिसेल ते निवडा आणि Load न दाबता Transform Data दाबा. उजवीकडच्या पायऱ्यांच्या यादीत Changed Type अशी एक पायरी आपोआप आलेली असते, ती काढून टाका. नाहीतर एक्सेल आकडे, तारखा स्वतःच्या मनाने ठरवतो. मग Close & Load दाबून यादी शीटमध्ये आणा. पानागणिक वेगळं टेबल आलं असेल तर प्रत्येकाचे कॉलम मोजा. एखाद्या पूर्ण पानावर कोणालाच व्याज लागलेलं नसेल, तर त्या पानाचा व्याजाचा कॉलमच गायब झालेला असू शकतो.

हा रस्ता नसेल तर साधं पेस्ट करायचं, पण त्याआधी कोऱ्या शीटमध्ये A ते H एवढेच कॉलम निवडून त्यांचं फॉरमॅट Text करा आणि पेस्ट करताना Paste Special मधून Text निवडा. यामागे कारण आहे. सिडकोच्या जुन्या वसाहतींत घराचा नंबर इमारत आणि खोली मिळून `12/3` असा लिहितात. एक्सेल त्याची तारीख करतो. १२ मार्च झाली की ३ डिसेंबर, हे कॉम्प्युटरच्या सेटिंगवर ठरतं, आणि आत साठवला जातो तो दिवसांचा पाच आकडी क्रमांक. नंतर फॉरमॅट Text केलं तर घराचा नंबर परत येत नाही, तो पाच आकडी क्रमांक दिसतो. तसंच `007` सारखा सभासद क्रमांक नुसता ७ होतो.

पूर्ण शीट मात्र Text करू नका. Text केलेल्या सेलमध्ये फॉर्म्युला लिहिला तर तो चालत नाही, नुसता अक्षरांसारखा पडून राहतो.

पेस्ट झाल्यावर अख्खी ओळ एकाच सेलमध्ये बसली असेल तर Data > Text to Columns वापरावं लागेल. स्पेसवर तोडलं तर नावाचे तीन तुकडे होतात आणि घोळ वाढतो. आज्ञा टाइप करायची भीती नसेल तर पॉपलर नावाच्या मोफत संचातलं हे साधन वापरा:

```
pdftotext -layout yadi.pdf yadi.txt
```

यातून निघणाऱ्या मजकुरात कोऱ्या चौकटीच्या जागी तेवढी रिकामी जागा शिल्लक राहते. मग Text to Columns मध्ये Fixed width निवडून उभ्या रेघा मारता येतात. शेवटच्या खिडकीत प्रत्येक कॉलमला Text द्यायला विसरू नका.

आता या शीटची एक प्रत काढा. पहिलीला ‘मूळ’ नाव द्या आणि तिला हात लावू नका. दुसरी ‘काम’. ‘काम’च्या I कॉलममध्ये १, २, ३ असे ओळींचे क्रमांक घाला, म्हणजे पुढे चुकून सॉर्ट झालं तरी मूळ क्रम परत आणता येईल.

पायरी ४: फालतू ओळी काढा

प्रत्येक पानावर परत येणारी शीर्षकं, सोसायटीचं नाव, ‘पान २ पैकी ४’, ‘बेरीज पुढे नेली’, ‘मागील पानावरून’ या सगळ्या ओळी जायला हव्यात. त्यात बेरजेच्या ओळी सगळ्यात त्रासदायक, कारण त्या राहिल्या तर रकमा दोनदा मोजल्या जातात. फ्लॅटच्या कॉलमवर फिल्टर लावून फक्त कोऱ्या ओळी दाखवा म्हणजे यातल्या बहुतेक एकत्र समोर येतील.

त्याच फिल्टरमध्ये आणखी एक प्रकार दिसेल, तो उडवू नका. लांब नाव दोन ओळींत छापलेलं असतं, त्याची दुसरी ओळ इथे वेगळी ओळ बनून येते: फ्लॅट कोरा, रकमा कोऱ्या, नावाच्या जागी फक्त आडनाव किंवा सहसभासदाचं नाव. फ्लॅट क्रमांक वरच्या ओळीत असेल तर फिल्टर काढून रिकाम्या कॉलममध्ये, समजा J मध्ये, हा फॉर्म्युला दुसऱ्या ओळीपासून खाली ओढा:

```
=IF(AND(B3="",C3<>""),C2&" "&C3,C2)
```

J कॉपी करून C वर Paste Special > Values ने चिकटवा आणि मगच कोऱ्या फ्लॅटच्या ओळी काढा. काही याद्यांत मात्र फ्लॅट आणि रकमा चौकटीच्या मधोमध छापलेल्या असतात. तिथे नावाचा पहिला तुकडा फ्लॅटच्या वरच्या ओळीत आणि दुसरा खालच्या ओळीत जातो, आणि हा फॉर्म्युला नावाचा वरचा तुकडा आधीच्या शेजाऱ्याला जोडून देतो. अशा याद्यांत नावं जोडतच बसू नका.

नावांच्या बाबतीत माझं मत थोडं टोकाचं आहे: पीडीएफमधलं मराठी नाव वापरूच नये. यादी जुन्या फॉन्टमध्ये केलेली असेल तर कॉपी केल्यावर इंग्रजी चिन्हांचा कचरा येतो. युनिकोड असली तरी वेलांट्या पुढे-मागे होतात, रफार गळतो. ते सुधारण्यात संध्याकाळ जाते. त्यापेक्षा फ्लॅट क्रमांकावरून नावं जे नमुन्यातून आणा. अर्थात त्यासाठी फ्लॅट क्रमांक आणि विंग पक्के हवेत, आणि विंग हीच तर पुढची अडचण आहे.

पायरी ५: मर्ज केलेली विंग

छापील यादीत ‘ए विंग’ ही अक्षरं २४ ओळींच्या एका लांब उभ्या चौकटीत असतात. एक्सेलमध्ये ती मर्ज होऊनच आली असेल तर A कॉलम निवडून Home > Merge & Center > Unmerge Cells करा. चौकट सुटते, पण नाव फक्त पहिल्या सेलमध्ये राहतं, बाकी २३ कोरे.

ते भरण्याची रूढ युक्ती अशी. आधी A कॉलमचं फॉरमॅट General करा. मग A कॉलममधला यादीपुरता भाग निवडा, F5 दाबा, Special मधून Blanks निवडा, `=` टाइप करून वरच्या बाणाची कळ दाबा आणि Ctrl+Enter मारा. प्रत्येक कोरा सेल आपल्या वरच्या सेलचं नाव घेतो. नंतर कॉलम कॉपी करून Values म्हणून त्याच जागी चिकटवा.

या युक्तीत दोन खड्डे आहेत. पहिला म्हणजे निवड करताना रकमांचे कॉलम आत आले तर कोऱ्या रकमाही भरल्या जातात. ए-३०३ ची थकबाकी ए-३०४ च्या नावावर चढते आणि पडद्यावर सगळं अगदी भरगच्च, नीटनेटकं दिसतं. म्हणून निवड फक्त A ची.

दुसरा खड्डा जास्त फसवा आहे. पीडीएफमध्ये ‘बी विंग’ ही अक्षरं बहुधा चौकटीच्या मधोमध असतात. त्यामुळे पेस्ट झाल्यावर ती १०१ समोर न येता ३०४ किंवा ४०१ च्या आसपास येतात. वरून खाली भरत गेलात तर बी विंगचे पहिले बारा-एक फ्लॅट ए विंगचे होतात. हे ओळखायची खूण फ्लॅटच्या कॉलममध्येच आहे. क्रमांक ६०४ वरून पुन्हा १०१ वर आला की तिथे नवी विंग सुरू. तीनच जागा आहेत, तेव्हा A मधली पेस्ट झालेली नावं पुसून टाका, तिन्ही १०१ समोर विंग हाताने लिहा आणि मग वरून खाली भरा. पुढच्या कामासाठी विंग A, B, C अशी लिहिली तर सोपं जातं.

आता फालतू ओळी गेल्यात, तेव्हा J मोकळा करून तिथे ओळख तयार करा:

```
=A2&"-"&TRIM(B2)
```

तीन विंगमध्ये तीन १०१ आहेत, म्हणून नुसता फ्लॅट क्रमांक ओळख म्हणून चालत नाही. `=COUNTIF(J:J,J2)` ने प्रत्येक ओळख एकदाच आलीय ना ते बघा. एकूण ओळी ७२ भरल्या पाहिजेत.

पायरी ६: आकडे दिसतात, पण आकडे नाहीत

D ते H मधल्या रकमा सध्या अक्षरं आहेत. सेलच्या डाव्या कडेला टेकून बसतात, कोपऱ्यात हिरवा त्रिकोण असतो आणि SUM त्यांना मोजत नाही. काही सेल आकडे आणि काही अक्षरं असतील तर परिस्थिती आणखी वाईट, कारण तेव्हा बेरीज शून्य न येता थोडी कमी येते आणि कोणाला संशय येत नाही. `=COUNT(E2:E73)` आणि `=COUNTA(E2:E73)` शेजारी मांडून बघा. पहिलं फक्त आकडे मोजतं, दुसरं भरलेला प्रत्येक सेल.

अक्षर राहण्याची मुख्य कारणं तीन. एक, सेलचं Text फॉरमॅट, जे आपणच दिलंय. दोन, रकमेला चिकटलेली न दिसणारी मोकळी जागा. ही साधी स्पेस नव्हे, १६० क्रमांकाचं चिन्ह असतं, आणि TRIM ला ते काढता येत नाही. ‘TRIM लावला तरी बेरीज येत नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच निघतं. तीन, रकमेमागचं `Cr`. ज्यांनी आगाऊ पैसे भरलेत त्यांची बाकी `1,700.00 Cr` अशी छापतात. ते सोसायटीचं देणं आहे, म्हणजे आपल्या यादीत उणे. नुसतं Cr खोडलं तर उणे रक्कम अधिक होते आणि फरक दुप्पट पडतो.

हे सगळं एका फॉर्म्युलात बसतं. K2 मध्ये लिहा, O2 पर्यंत उजवीकडे ओढा, मग खाली ७३ व्या ओळीपर्यंत:

```
=IF(TRIM(D2)="",0,IF(ISNUMBER(SEARCH("Cr",D2)),-1,1)*VALUE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(D2,CHAR(160),""),",",""),"Cr","")))
```

D ते H मधल्या अक्षरांचे K ते O मध्ये खरे आकडे तयार होतात. कोऱ्या जागेला शून्य मिळतं. फॉर्म्युल्याला न समजलेलं काही असेल, उदाहरणार्थ `Dr`, नुसती आडवी रेघ किंवा देवनागरी आकडे, तर `#VALUE!` दिसतं. ती चूक IFERROR लावून झाकू नका. कुठे बघायचंय ते तीच दाखवते. त्या सेलकडे जा, मजकूर बघा, हाताने दुरुस्त करा.

ए-५०१ वर हा फॉर्म्युला पडताळून बघू. मागील बाकी `1,700.00 Cr`, बिल `3,850.00`, जमा काही नाही, अखेर बाकी `2,150.00`. K मध्ये −१,७०० आणि L मध्ये ३,८५०, बेरीज २,१५०. बरोबर. कधीकधी स्पेसवर तुटल्यामुळे Cr स्वतंत्र सेलमध्ये जातं आणि पुढच्या रकमा एक घर उजवीकडे ढकलते. तेव्हा आधी ते मागच्या रकमेला जोडा, मग बाकीची ओळ एक घर मागे घ्या.

पायरी ७: सरकलेल्या ओळी शोधणे

मुख्य काम हे. प्रत्येक ओळीचा हिशेब त्या ओळीतच आहे, म्हणून P मध्ये ताळा लिहा:

```
=ROUND(K2+L2+M2-N2-O2,2)
```

शून्य आलं तर ओळ जुळली, नाहीतर काहीतरी सरकलंय. शून्य नसलेल्या ओळी फिल्टर करा, प्रत्येकीसाठी पीडीएफ बघा आणि D ते H मध्ये रकमा योग्य घरात न्या. नेताना Ctrl+X वापरू नका. सेल कट करून हलवला की त्याकडे बघणारे फॉर्म्युलेही त्याच्यामागे हलतात आणि K ते O चा मेळ बिघडतो. Insert > Shift cells right नेही तेच होतं. कॉपी करा, नव्या जागी चिकटवा, जुनी जागा Delete करा.

पण एवढ्यावर थांबलात तर फसाल. पेस्ट झालेल्या या दोन ओळी बघा:

```
A-304   9,200.00   3,850.00   161.00   13,211.00
B-102   3,850.00   3,850.00
```

ए-३०४ वाल्यांनी त्या महिन्यात काहीच भरलेलं नाही. मागील बाकी ९,२००, त्यावर १.७५ टक्के व्याज १६१, बिल ३,८५०, अखेर बाकी १३,२११. जमा कोरी होती म्हणून अखेर बाकी एक घर सरकून जमेत बसली. आता ताळा काढा: ९,२०० अधिक ३,८५० अधिक १६१, वजा १३,२११, वजा शून्य. उत्तर शून्य! ओळ जुळली असं एक्सेल सांगतो, आणि सोसायटीतल्या मोठ्या थकबाकीदाराने सगळे पैसे भरले असं यादीत दिसतं. सूत्रात जमा आणि अखेर बाकी दोन्ही वजा होतात, त्यामुळे एकीची रक्कम दुसरीत गेली तरी ताळ्याला फरक पडत नाही.

बी-१०२ ची गोष्ट वेगळी. तिचा ताळा ७,७०० येतो, म्हणजे चूक आहे हे कळतं. पण दुरुस्त कशी करायची? पहिला ३,८५० बिल हे नक्की. दुसरा जमा आहे की अखेर बाकी? पैसे भरले असतील तरी ओळ अशीच येणार, नसतील भरले तरी अशीच. दोन्ही अर्थांनी ताळा शून्य होतो. ‘भरलेच असतील’ असं धरून दुसरी रक्कम जमेत टाकायचा मोह होतो, कारण बहुतेकांनी भरलेले असतात. इथे तर्क चालवायचा नाही, पीडीएफच्या पानावर ती रक्कम कोणत्या शीर्षकाखाली आहे ते डोळ्यांनी बघायचं.

समजा हे दोन्ही निसटले: ए-३०४ आहे तसंच राहिलं आणि बी-१०२ मध्ये दुसरा आकडा जमेत गेला. P चा पूर्ण कॉलम शून्य आहे. पुढच्या पायरीत ते पकडू.

पायरी ८: उभ्या बेरजा जुळवा

K ते O च्या खाली बेरजा मारा आणि पायरी २ च्या कागदाशेजारी ठेवा. मागील बाकी, बिल, व्याज जुळतात. जमा मात्र २,३१,७५० ऐवजी २,४८,८११ येते आणि अखेर बाकी १,७१,५४० ऐवजी १,५४,४७९. एक १७,०६१ ने जास्त, दुसरी बरोबर तेवढ्यानेच कमी. एवढ्यावरून निदान होतं: अखेर बाकीतली १७,०६१ रुपयांची रक्कम जमेत गेली आहे, एका ओळीत किंवा अनेक ओळींत मिळून.

शोधायला फिल्टर असा लावा: O शून्य आणि N शून्य नाही. ज्यांनी हिशेब पूर्ण चुकता केला ते सगळे यात येतात, आणि आपल्या सरकलेल्या ओळीही यातच असतात. N मोठ्यापासून लहानाकडे सॉर्ट केलं तर १३,२११ वरच दिसेल, कारण दरमहा ३,८५० भरणाऱ्यांमध्ये तो उठून दिसतो. पीडीएफमध्ये तपासून तो O मध्ये न्या. फरक आता ३,८५० उरतो. अशा रकमेच्या ओळी फिल्टरमध्ये भरपूर असतील आणि आकड्यांवरून त्यांच्यात काहीच वेगळं दिसणार नाही. इथे बँक स्टेटमेंट कामाला येतं: ज्या फ्लॅटकडून त्या महिन्यात पैसे आल्याची नोंदच नाही तो शोधा, किंवा छापील यादीवर पट्टी ठेवून अखेर बाकीचा रकाना वरून खाली वाचा. ७२ ओळी वाचायला फार वेळ लागत नाही.

फरक उलट दिशेचा, म्हणजे जमा कमी आणि अखेर बाकी जास्त असेल तर रक्कम उजवीकडे गेली आहे. फरक एकाच कॉलममध्ये असेल तर सरकणं नव्हे, बहुधा रक्कम सुटलेली, दोनदा आलेली किंवा चुकून Cr गळालेली. Cr गळाल्याची खूण अशी की फरकाच्या निम्मी रक्कम यादीत सापडते: मागील बाकी ३,४०० ने जास्त आली तर १,७०० शोधा. त्या ओळीचा ताळाही तेव्हा शून्य नसतो.

बिलाच्या कॉलममध्ये एक सोपी जादा तपासणी करता येते. L मध्ये ३,८५० आणि २,९०० सोडून तिसरा आकडा नसावा. फिल्टरचा बाण उघडला की यादीतच दिसतं. भाडेकरू असलेल्या फ्लॅटना बिनवापर शुल्क लागत असेल तर आकडे दोनाचे चार होतील, पण दहा झाले तर परत पायरी ७ कडे जा.

पायरी ९: बंद करण्याआधी

सगळं जुळल्यावर J ते O कॉपी करून नव्या ‘अंतिम’ शीटमध्ये Values म्हणून चिकटवा. मराठी नावं जे नमुन्याच्या शीटमधून ओळखीवरून VLOOKUP ने आणा, शेवटचा घटक `FALSE` ठेवून. तो न दिल्यास जवळपासचं नाव उचललं जातं. जे नमुन्यात ओळख ‘A-304’ अशीच लिहिलेली हवी. तिथे ‘A 304’ असेल तर `#N/A` येईल.

‘अंतिम’ शीटच्या खाली सहा आकडे दोन रांगांत ठेवा, वर पीडीएफमधले, खाली तुमचे. आणि ‘काम’ शीटमध्ये तुम्ही ज्या ओळी हाताने हलवल्या त्यांना पिवळा रंग द्या, शेजारी काय हलवलं ते एका वाक्यात लिहा: ‘ए-३०४, १३,२११ जमेतून अखेर बाकीत, पान २ प्रमाणे’. ऑडिटर विचारतो, आणि ज्याला थकबाकीची नोटीस जाणार आहे तो सभासद तर नक्कीच विचारतो. ‘मूळ’ शीट त्याच फाइलमध्ये राहू द्या. नोटीस काढताना रक्कम ‘अंतिम’मधून घ्या, पण पाठवण्यापूर्वी तेवढ्या ओळी पीडीएफशी एकदा ताडून बघा.